जर्मन बी-२ : ‘लेझेन’ म्हणजे वाचनाच्या भागात वेळ पुरत नाही. रोजची बातमी आणि घड्याळ लावून सोडवलेले उतारे यांचा मेळ कसा घालावा?

सदाफुली
मी मिरजेला परिचारिका आहे. जर्मनीत नोकरी करायची तर बी-२ लागते, म्हणून चार महिन्यांनी पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात ग्योटेची परीक्षा देणार आहे. बोलणे आणि लिहिणे यांची मला फारशी धास्ती नाही. अडचण वाचनाची आहे.

मागच्या रविवारी घरीच घड्याळ लावून एक पूर्ण सराव संच सोडवला. ६५ मिनिटे संपली तेव्हा चौथा भाग अर्धवट होता आणि पाचव्याला मी हातही लावलेला नव्हता. ३० पैकी १४ उत्तरे बरोबर आली, म्हणजे शंभरात ४७ गुण झाले. उत्तीर्ण व्हायला ६० लागतात. दुसऱ्या दिवशी उरलेले प्रश्न घड्याळ न लावता सोडवले, तर त्यांतला एकच चुकला. म्हणजे समजते आहे, पण वेळेत समजत नाही.

गेले दोन महिने मी रोज झ्युडडॉइचे झायटुंग या वर्तमानपत्रातला एक लेख वाचते. एका लेखाला चाळीस ते पन्नास मिनिटे लागतात आणि वहीत पन्नासेक नवे शब्द उतरवले जातात. नाइट ड्यूटी असली तरी मी यात खंड पडू दिलेला नाही. तरीही वेग होता तिथेच आहे. लेख वाढवावेत, की नुसते उतारेच सोडवत बसावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नेकारकाठ
मी नऊ वर्षांपासून श्टुटगार्टमध्ये राहतो. माझा वेग कसा वाढला हे विचाराल तर खरे उत्तर असे आहे की मी तो वाढवायला गेलोच नाही. भाडेकरार, विम्याची पत्रे, मुलीच्या शाळेच्या सूचना असे सगळे वाचावेच लागले आणि दोन-तीन वर्षांत वाचन आपोआप सुटे झाले. तुम्ही वर्तमानपत्र वाचता आहात हे उत्तमच आहे. चालू ठेवा, फळ मिळेल.

सदाफुली
नेकारकाठ, आभारी आहे. पण माझ्या हातात दोन-तीन वर्षे नाहीत, चार महिने आहेत.

पाचशे_प्रतिमिनिट
आपल्या वेगाला अडवतो तो मनातला आवाज. आपण प्रत्येक शब्द मनात उच्चारतो, म्हणून डोळ्यांना जिभेच्या चालीने चालावे लागते. तो आवाज बंद करण्याचा सराव करावा. पडद्यावर एकेक शब्द झपाट्याने दाखवणारी अॅप मिळतात, त्यांवर मी इंग्रजी वाचनात मिनिटाला पाचशे शब्दांपर्यंत पोहोचलो आहे. शिवाय ओळीखालून बोट किंवा पेन्सिल फिरवत वाचावे, म्हणजे डोळे मागे जात नाहीत. भाषा कोणतीही असली तरी डोळे तेच असतात.

खडूफळा
मी पुण्यात बरीच वर्षे जर्मन शिकवते आणि ‘वेळ पुरत नाही’ ही तक्रार दर सत्रात ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पाचशे_प्रतिमिनिट यांच्या मुद्द्याविषयी. पेन्सिलीबद्दल ते बरोबर आहेत, त्याकडे पुढे येते. मनातल्या आवाजाचे निदान मात्र या ठिकाणी लागू होत नाही. बातम्या देणारा निवेदक सावकाश बोलला तरी मिनिटाला शंभराहून जास्त शब्द बोलतो, म्हणजे आवाजाची चाल तेवढी आहेच. सदाफुलीताईंचा वेग त्याहून बराच कमी असणार, असा माझा अंदाज आहे. त्यांना अडवणारी गोष्ट आवाजाच्या आधीची आहे, त्यामुळे आवाज दाबून काही मोकळे होणार नाही. उलट, परक्या भाषेत लांब वाक्याचा आरंभ शेवट येईपर्यंत ध्यानात राहतो तो या आवाजामुळेच.

सदाफुलीताई, आता तुमच्या लेखाकडे पाहू. ज्या लेखात पन्नास नवे शब्द निघतात आणि ज्याला पन्नास मिनिटे लागतात, ते वाचन नसून उकल आहे. उकल वाईट नाही, तिने शब्द वाढतात. पण दोन महिने रोज एकेका शब्दापाशी थांबलात, म्हणजे दोन महिने डोळ्यांना थांबण्याचाच सराव दिलात. वेग वाढवायचा तर अंगावर न येणारा मजकूर लागतो. परभाषा-वाचनावर ज्यांचे बरेच काम आहे ते न्यूझीलंडचे पॉल नेशन शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावेत असे मानतात. म्हणून घड्याळ लावायच्या उताऱ्याची पातळी तुमच्या पातळीहून एक पायरी खाली असली पाहिजे. तुम्ही नेमके याच्या उलट करत होतात.

तेव्हा दोन वह्या करा आणि त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका. एक वही बातमीची. तीत घड्याळ नाही, शब्द शोधायला मुभा आहे, पण वेळ वीस मिनिटेच. दुसरी वही वेगाची. तीत शब्दकोश नाही, थांबणे नाही. तीनशेच्या आसपास शब्दांचा सोपा उतारा, त्यावरचे पाच प्रश्न आणि घड्याळ. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संकेतस्थळावर ‘टॉप-थेमा’ नावाचे बी-१ पातळीचे जुने पाठ प्रश्नांसह पडून आहेत, ते या कामाला चांगले आहेत. बी-१ म्हणजे मागे जाणे, असे कृपया मानू नका.

आज एक उतारा वाचा आणि चार आकडे इथे लिहा: शब्द किती, सेकंद किती, पाचातली किती उत्तरे बरोबर आली, आणि किती वेळा वाक्य पुन्हा वाचले.

सदाफुली
मॅडम, केले. ३१२ शब्दांना ४ मिनिटे २० सेकंद लागले, म्हणजे २६० सेकंद. ३१२ गुणिले ६० भागिले २६० केल्यावर मिनिटाला ७२ शब्द आले. पाचही उत्तरे बरोबर आहेत. मागे किती वेळा गेले हे अकरापर्यंत मोजले आणि मग मोजणे सोडून दिले.

या उताऱ्यात न कळलेले शब्द फक्त चार होते. असे असूनही मी मागे का जात होते, ते माझे मलाच कळलेले नाही.

तलाठी_व्हायचंय
माझीही तीच अडचण आहे, म्हणून इथेच विचारतो. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅटमध्ये दोन तासांत ८० प्रश्न असतात आणि त्यांतले बरेचसे उताऱ्यांवरचे असतात. उतारा मराठीतही असतो, तरी माझी वेळ जाते. मी रोज अग्रलेख मोठ्याने वाचतो. त्याने वेग वाढेल का?

खडूफळा
तलाठी_व्हायचंय, तुमच्या परीक्षेची मला जवळून माहिती नाही, त्यामुळे डावपेच सांगणार नाही. मोठ्याने वाचण्याबद्दल एवढे सांगू शकते की मातृभाषेत आपण मनात वाचतो ते तोंडाने वाचण्याहून जलद असते, म्हणून मोठ्याने वाचून तुम्ही स्वतःला मुद्दाम सावकाश करता. तुमच्या बाबतीत पाचशे_प्रतिमिनिट यांचे म्हणणे बऱ्याच अंशी लागू पडेल. शक्य असल्यास वेगळा धागा काढावा, म्हणजे त्या परीक्षेचे जाणकार उत्तर देतील.

सदाफुलीताई, ७२ आणि पाचपैकी पाच हे मला चांगले लक्षण वाटते. पाचपैकी पाच येणारा वाचक गरजेपेक्षा जास्त सावध असतो. तुम्ही खात्री करून घेण्यासाठी मागे जाता, आणि ती खात्री तुम्हाला न मागताच मिळालेली असते.

पण काही वेळा तुम्हाला मागे ओढते ती जर्मन वाक्याची ठेवण. हे वाक्य पाहा: ‘डी त्साल डेर लेअरलिंगे निम्ट झाइट यारन इन फास्ट आलन हांडवेर्क्सबेरूफन आब.’ शिकाऊ उमेदवारांची संख्या गेली अनेक वर्षे जवळजवळ सगळ्या कारागिरी व्यवसायांत घटत आहे, असा अर्थ. यातले ‘निम्ट’ सुटे घेतले तर ‘घेतो’ असे होते. क्रियापदाचा दुसरा तुकडा ‘आब’ वाक्याच्या अगदी टोकाला येतो आणि तो आल्यावर कळते की संख्या घटते आहे. त्याच जागी ‘त्सू’ असते तर संख्या वाढते आहे असा उलटा अर्थ झाला असता. शिकणारा ‘निम्ट’पाशी ‘घेतो’ असा अर्थ पक्का करून पुढे जातो, शेवटी ‘आब’ला अडखळतो आणि परत पहिल्यापासून सुरू करतो. वाक्य एकच, वाचन दोनदा.

आता हे मराठी वाक्य वाचा: ‘समितीने सादर केलेला अहवाल, त्यातील त्रुटी दूर करण्यात आल्यानंतरही, शासनाने अद्याप स्वीकारलेला नाही.’ शेवटी ‘आहे’ येणार की ‘नाही’ हे शेवटपर्यंत ठाऊक नव्हते, तरी तुम्ही मागे गेला नाहीत. आपल्याला अर्थ मोकळा ठेवून वाक्याच्या टोकापर्यंत थांबायची सवय आहे. जर्मन शिकताना आपण मनातल्या मनात इंग्रजीत भाषांतर करतो, आणि इंग्रजीत क्रियापदाचा अर्थ लवकर कळत असल्याने ही सवय तिथे मोडते. माझ्या वर्गात जे विद्यार्थी इंग्रजीचा मधला थांबा सोडतात, त्यांचे मागे जाणे पहिल्या महिन्यातच निम्म्यावर येते.

पेन्सिलीऐवजी एक पोस्टकार्ड घ्या. बहुतेक जण ते वाचायच्या ओळीखाली धरतात. तुम्ही ते वाचून झालेल्या ओळीवर ठेवा आणि वरून खाली सरकवत न्या. पुढचे दिसत राहील, मागचे झाकले जाईल.

पाचशे_प्रतिमिनिट
शब्द झपाट्याने दाखवणाऱ्या अॅपमध्येही मागचे दिसत नाही, मग फरक काय राहिला?

खडूफळा
अॅपमध्ये पुढचेही दिसत नाही. ‘निम्ट’ वाचताना ओळीच्या टोकाचे ‘आब’ कडेकडेने दिसू लागणे, हाच तर वेग आहे. शिवाय एखाद्या वाक्याला मागे जाणे खरोखर आवश्यक असते. तेव्हा कार्ड वर उचलता येते, आणि उचलल्याचे कळतेही.

सदाफुली (तीन आठवड्यांनी)
पहिले चार दिवस कार्डाने जीव घाबरा झाला. ओळ झाकली गेली की आपले काहीतरी निसटले असे वाटायचे. एका उताऱ्याला पाचपैकी दोनच उत्तरे आली. पाचव्या-सहाव्या दिवसापासून भीती गेली. आता मी रोज ड्यूटीवर जाण्याआधी एक उतारा वाचते. कालचा आकडा ९१ आणि चार बरोबर. कार्ड तीनदा उचलले.

प्रश्न बातमीच्या वहीचा आहे. वीस मिनिटांत झ्युडडॉइचेचा लेख अर्धाही होत नाही. सोपी बातमी कुठे मिळेल? आणि वीस मिनिटे संपल्यावर उरलेला भाग सोडून द्यायचा का?

नेकारकाठ
इथले बरेच जण टागेसशाउच्या संकेतस्थळावर वाचतात. ते एआरडी या सार्वजनिक वाहिनीचे आहे, पैसे भरावे लागत नाहीत आणि भाषा सरळ असते. झ्युडडॉइचेमधली स्तंभलेखकांची मिश्कील जर्मन मलाही अजून निम्मी निसटते, तेव्हा तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

खडूफळा
टागेसशाउ योग्य आहे. लेख निवडताना पहिले शंभर शब्द वाचावेत आणि अनोळखी शब्द मोजावेत. दहाच्या वर गेले तर लेख बदला. उरलेला भाग सोडून द्यायला काहीच हरकत नाही, तो काही परीक्षेत येणार नाही.

त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे विषय रोज बदलू नका. दोन आठवडे एकच विषय धरा. तुमच्यासाठी तर तो तयारच आहे: परिचर्या क्षेत्रातली मनुष्यबळाची टंचाई, तिथल्या भाषेत ‘फ्लेगेनोटश्टांड’. पहिल्या दिवशी पंधरा शब्द अडतील. चौथ्या दिवशी त्यांतलेच दहा पुन्हा समोर येतील आणि अडणार नाहीत. रोज नवा विषय घेणाऱ्याला रोज पहिला दिवसच भेटत राहतो.

लांबलचक जोडशब्द आला की तो शेवटाकडून धरावा. ‘आर्बाइट्सक्रेफ्टेमांगल’ हा शब्द डावीकडून अक्षरे लावत वाचला तर दम लागतो. शेवटचा ‘मांगल’ म्हणजे तुटवडा, आणि आधीचे सगळे केवळ कशाचा ते सांगते. राजवाडा हा आधी वाडा असतो, तसेच.

नेकारकाठ
वेगाविषयी एक गोष्ट. इंग्रजीतले आकडे आणि जर्मनमधले आकडे शेजारी ठेवू नयेत. जे इंग्रजीत तीन-चार शब्दांत लिहितात ते इथे एका शब्दात कोंबतात, त्यामुळे तेच वाचन केले तरी मिनिटाचे शब्द कमी भरतात. माझा एक सहकारी हे न कळल्यामुळे बरेच दिवस खिन्न होता.

सदाफुली (सातव्या आठवड्यात)
आकडे फसवत आहेत. गेल्या आठवड्यात रोज १२०च्या वर गेले, एकदा १३४ आले. आनंदाने काल सराव संचातला तिसरा भाग घेतला, तो वर्तमानपत्री लेख आणि त्यावरचे सहा प्रश्न असलेला. १२ मिनिटांऐवजी १७ लागली आणि तीनच बरोबर आले. मग मिळवलेला वेग गेला कुठे?

खडूफळा
या आठवड्यातले उतारे कोणत्या विषयांवरचे होते, आणि प्रत्येकात पाचपैकी किती आले होते?

सदाफुली
आरोग्य, रुग्णालय, लसीकरण, झोप. १३४ला पाचपैकी दोन होते, बाकीच्यांना तीन.

खडूफळा
मग वेग कुठे गेला नाही, तो पुरता आलेलाच नव्हता. विषय तुमच्या रोजच्या कामाचा होता, त्यामुळे वाचण्याआधीच निम्मे ठाऊक होते आणि डोळे पुढे पळाले. त्यातही पाचपैकी दोनच आले, म्हणजे ओळखीच्या विषयातसुद्धा मजकूर न वाचता अंदाज बांधलात. एकच विषय धरायला मी सांगितले होते ते बातमीच्या वहीसाठी. तोच विषय वेगाच्या वहीत शिरला, हे माझ्या सांगण्यात स्पष्ट नव्हते.

पुढच्या आठवड्यापासून वेगाच्या वहीतला विषय तुम्ही निवडायचा नाही. टॉप-थेमाच्या यादीतले उतारे क्रमाने घ्या, मग तो चित्रकलेवर असो वा मधमाश्यांवर. पाचपैकी चार आले तरच तो आकडा वहीत मांडायचा. तीन आले तर दुसऱ्या दिवशी मुद्दाम सावकाश वाचायचे. दोन आले तर त्या दिवशीचा आकडा खोडून टाकायचा. आणि दर पंधरा दिवसांनी बी-२चा अजिबात न पाहिलेला एक तिसरा भाग १२ मिनिटांचे घड्याळ लावून सोडवायचा. खरे मोजमाप तेच. म्हणून संच जपून वापरा. एकदा उत्तरे पाहिलेला संच मोजमापाला निकामी होतो.

पाचशे_प्रतिमिनिट
तोच उतारा दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचला तर? मी असे करत असे. दुसऱ्यांदा वेग खूप वाढतो आणि तो अंगात राहतो असा माझा अनुभव आहे.

खडूफळा
याबाबत माझे मत अजून पक्के झालेले नाही. पुन्हा वाचल्याने शब्दांचे गट ओळखीचे होतात, हे मी पाहिले आहे. पण काही विद्यार्थी दुसऱ्या वाचनाचा आकडा वहीत लिहून स्वतःलाच फसवतात. करायचे असल्यास करावे, पण तो आकडा लिहू नये.

सदाफुली (अकराव्या आठवड्यात)
क्रमाने उतारे घेऊ लागल्यावर आकडा १३४ वरून थेट ९६वर आला. वाईट वाटले, पण चार-पाच उत्तरे बरोबर येऊ लागली. तिथून तो सावकाश वर येतो आहे. परवाचा उतारा ३१८ शब्दांचा होता, २ मिनिटे ४२ सेकंद लागले, म्हणजे ११८, चार बरोबर. कार्ड आता वापरत नाही, कारण ते हातात नसतानाही मागे जाणे क्वचितच होते. पंधरा दिवसांचे मोजमापही केले: तिसऱ्या भागात सहापैकी चार, ११ मिनिटांत.

आता पूर्ण पेपराबद्दल विचारायचे आहे. प्रत्येक भागाला सुचवलेली मिनिटे १८, १२, १२, १२ आणि ६ अशी आहेत. त्याच क्रमाने जावे का?

खडूफळा
आधी हिशेब पाहा, म्हणजे ११८चा अर्थ कळेल. माझ्याकडच्या एका संचाचे मी शब्द मोजले होते. पाचही भाग आणि प्रश्न मिळून २,४००च्या आसपास भरले. ७२च्या वेगाने हे एकदा वाचायलाच तेहतीस मिनिटे जातात. ११८ने वीस मिनिटे पुरतात. उत्तरे उतरवायची पाच मिनिटे सोडली तर शोधाशोध आणि विचार यांच्यासाठी आधी सत्तावीस मिनिटे होती, आता चाळीस आहेत. तुम्हाला १८ बरोबर उत्तरे हवी आहेत, तीस नव्हेत. त्यामुळे आता आणखी वेगामागे लागू नका. ती चाळीस मिनिटे कुठे खर्च करायची, हे ठरवा.

पहिल्या भागात चार जणांची मते आणि नऊ प्रश्न असतात. तिथे प्रश्न आधी वाचावेत. दुसरा भाग, म्हणजे मजकुरातल्या गाळलेल्या जागी वाक्ये बसवणे, हा अगदी सावकाश सोडवावा. तिथे वेग कामाचा नाही. ‘तिथे’, ‘यामुळे’, ‘मात्र’ अशा शब्दांचा धागा मागच्या वाक्याशी जुळतो की नाही तेवढेच पाहायचे असते. पाचव्या भागात नियमावलीला शीर्षके लावायची असतात; प्रश्न तीनच, पण पूर्ण मजकूर वाचावा लागत नाही. दमण्याआधी तो उरकून टाकावा, असे मी सांगते.

नेकारकाठ
तिसऱ्या भागात मी आधी प्रश्नच वाचले होते आणि त्याचा फायदा झाला. काय शोधायचे ते माहीत असले की वेळ वाचतो.

खडूफळा
माझा अनुभव उलट आहे. तिथे तीन पर्यायांपैकी दोन चुकीचे असतात आणि आधी वाचले की तेच डोक्यात बसतात. मग लेखात तो शब्द दिसताच हात तिकडे जातो. मी लेख आधी वाचायला सांगते. पण प्रश्न आधी वाचून चांगले गुण मिळवणारेही मी पाहिले आहेत. सदाफुलीताई, दोन्ही प्रकारे एकेक संच सोडवून पाहा.

सदाफुली
पाहिले. लेख आधी वाचला तेव्हा पाच, प्रश्न आधी वाचले तेव्हा तीन. एकेका संचावरून काही ठरत नाही हे कळते, पण मी लेखच आधी वाचणार आहे.

कोकणकन्या
मी हा धागा पहिल्यापासून वाचते आहे. परीक्षा संगणकावर देणार असाल तर पडद्यावर वाचण्याचा सराव वेगळा करावा लागतो का? मला कागदावर ११० पडतात आणि पडद्यावर ९०.

नेकारकाठ
पडद्यावर खिडकी अरुंद करा. ओळ फार लांब असली की डोळे पुढच्या ओळीच्या आरंभाला चुकतात.

खडूफळा
खिडकीचा उपाय करून पाहावा. तरी तेवढ्याने वीस शब्दांचा फरक भरून निघेल असे मला वाटत नाही, आणि त्यामागचे कारण मला सांगता येणार नाही. परीक्षा ज्या माध्यमात असेल त्यातच शेवटचे सहा आठवडे वाचावे.

सदाफुली (परीक्षेनंतर)
निकाल लागला. वाचनात ३० पैकी २२ बरोबर, म्हणजे ७३. पाचवा भाग सर्वांत आधी सोडवला आणि तीनपैकी तीन मिळाले. शेवटची नऊ मिनिटे हातात राहिली होती, ती दुसऱ्या भागावर घालवली आणि तिथले एक उत्तर बदलले. बदललेले चूक होते की आधीचे, ते आता कळणार नाही. चौथा भाग सपशेल फसला असणार, असे त्याच दिवशी वाटले होते. तिथे छोटी छोटी मते होती आणि दोन माणसे एकच गोष्ट बोलत आहेत असे भासत होते.

बोलणे आणि लिहिणे सुटले. ऐकण्यात मात्र ५७ आले, म्हणजे एका उत्तराने हुकले. भाग स्वतंत्रपणे देता येतात, म्हणून आता तेवढाच पुन्हा देईन.

पाचशे_प्रतिमिनिट
अभिनंदन. तुम्ही कार्ड वरून खाली सरकवत होतात ते वाचून मी स्वतःच्या वाचनात करून पाहिले. मी इंग्रजीत किती वेळा मागे जातो हे मला आजवर ठाऊकच नव्हते.

खडूफळा
चौथ्या भागाबद्दल तुम्ही म्हणता ते पुष्कळांचे होते. तिथे आठांपैकी दोन मते मुद्दाम जवळजवळची ठेवलेली असतात आणि फरक एखाद्या ‘त्स्वार’ म्हणजे ‘खरे असले तरी’ किंवा ‘आलरडिंग्स’ म्हणजे ‘मात्र’ अशा शब्दात असतो. त्यावर वेग वाढवून उपाय होत नाही. ऐकण्यासाठी डॉइचे वेलेवरच्या हळू वाचलेल्या बातम्या घ्या. त्यांचा मजकूरही सोबत मिळतो. आधी नुसते ऐका, मग मजकूर समोर ठेवून ऐका. तुमची बातमीची वही तिथे उपयोगी पडेल.

कोकणकन्या
सदाफुलीताई, तुमच्या वेगाच्या वहीचे एखादे पान इथे लिहाल का? आकडे खोडलेले दिवस आले असतील तर तेही हवेत.

सदाफुली
उद्या दिवसपाळी आहे, परवा लिहिते. खोडलेले दिवस मोजले तर एकोणीस निघाले.